डोपामिन मेंदूत शिरत नाही, मग लेवोडोपा कसा शिरतो?

प्रश्न: वडिलांना पार्किन्सन्स आहे. मेंदूत डोपामिन कमी झालंय म्हणतात, मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? गोळी जेवणाआधी, दुधाशिवाय घ्या असं का सांगतात? मेंदूभोवती औषधांना अडवणारी भिंत असते म्हणजे नेमकं काय, आणि बाकीची औषधं ती कशी ओलांडतात?

उत्तर:

डोपामिन शिरेतून दिलं तर ते हृदयावर आणि रक्तदाबावर काम करतं. अतिदक्षता विभागात रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला ते दिलं जातं ते याच कारणासाठी. पण त्या रुग्णाला पार्किन्सन्स असला तरी त्याचा हात थरथरायचा थांबत नाही, कारण रक्तातलं डोपामिन मेंदूत पोचतच नाही. वडिलांच्या गोळीत दोन औषधं आहेत, लेवोडोपा आणि कार्बिडोपा. पहिलं ती भिंत ओलांडतं म्हणून निवडलेलं आहे आणि दुसरं ओलांडत नाही म्हणून. हे नीट समजलं की गोळीच्या वेळांचे सगळे नियम आपोआप लक्षात येतात.

आधी ती भिंत पाहू. "मेंदूभोवती" हा शब्द थोडी फसगत करतो. कवटीच्या आत मेंदूला गुंडाळलेला एखादा पडदा असावा असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात हा अडथळा मेंदूतल्या प्रत्येक केशवाहिनीच्या भिंतीत आहे. या केशवाहिन्या इतक्या दाट असतात की जवळजवळ प्रत्येक मज्जापेशीपासून २० मायक्रोमीटरच्या आसपास एखादी सापडते. माणसाच्या मेंदूतल्या सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते असा अंदाज आहे. म्हणजे औषधाला लांबचा प्रवास करायचा नसतो. ते रक्तासोबत मज्जापेशीच्या अगदी दारापर्यंत येतं आणि तिथे अडतं.

स्नायूतल्या केशवाहिनीत अस्तराच्या पेशींमध्ये फटी असतात. छोटे रेणू पाण्याबरोबर त्या फटींतून बाहेर झिरपतात. मेंदूतल्या केशवाहिनीत शेजारच्या पेशी एकमेकींना टाइट जंक्शन नावाच्या सांध्यांनी घट्ट शिवलेल्या असतात. या शिवणीचा मुख्य धागा म्हणजे क्लॉडिन-५ नावाचं प्रथिन. फट बंद झाल्यावर रेणूपुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पेशीच्या आतून आरपार जाणं. इतर ठिकाणच्या पेशी बारीक फुगे करून रक्तातले थेंब या बाजूने त्या बाजूला पोचवतात. मेंदूतल्या पेशींनी ती वाहतूकही जवळपास बंद ठेवलेली असते. बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींचे चपटे पाय या नळीला वेढून असतात. अडवण्याचं काम मुख्यतः ते करत नाहीत. अस्तराच्या पेशींनी शिवण घट्ट ठेवावी म्हणून त्या पेशींना सतत रासायनिक निरोप देण्याचं काम त्यांचं.

ही शिवण प्रत्यक्ष दिसली ती १९६७ मध्ये. रीज आणि कार्नोव्स्की यांनी उंदराच्या रक्तात एक विकर सोडलं आणि ते नेमकं कुठे थांबतं हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते अस्तराच्या पेशींमधल्या सांध्यापाशी अडलेलं होतं. योगायोग असा की त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे मोठ्या प्रमाणात देऊन पार्किन्सन्सचे रुग्ण चालते-फिरते होतात हे दाखवून दिलं. व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकिएविझ यांनी १९६१ मध्ये लेवोडोपा शिरेतून देऊन परिणाम पाहिला होता, पण तो थोडाच वेळ टिकत असे.

आता डोपामिन का अडतं ते पाहू. लहान रेणू आत जातात आणि मोठे अडकतात असा एक सोपा समज आहे. डोपामिनचा रेणुभार १५३ आहे. औषधांच्या हिशोबात हा रेणू फारच छोटा आहे. लेवोडोपाचा रेणुभार १९७, म्हणजे तो जास्त जड, आणि पाण्यात रमणाराही जास्त. तरी लेवोडोपा आत जातो आणि डोपामिन बाहेर राहतं. याचा अर्थ आकार हा फक्त एक निकष आहे.

पेशीचं आवरण हे मेदाचं असतं. त्यातून स्वतःच्या बळावर आरपार जायचं तर रेणू मेदात विरघळणारा हवा, त्यावर विद्युतभार नको आणि पाण्याला धरून ठेवणारे गट कमी हवेत. औषध घडवणारे रसायनशास्त्रज्ञ ढोबळमानाने रेणुभार ४५० च्या आत आणि पाण्याशी बंध जोडणाऱ्या जागा मोजक्या ठेवायचा प्रयत्न करतात. डोपामिन आकारात पास होतं, पण रक्ताच्या आम्ल-अल्कधर्मी पातळीला त्याच्या बहुतेक रेणूंवर धन विद्युतभार असतो, शिवाय पाण्याला धरणारे दोन गट असतात. त्याला मेदाच्या थरात शिरताच येत नाही. थोडंफार शिरलंच तर अस्तराच्या पेशींमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर बसलेलं असतं, ते त्याचा निकाल लावतं. भिंतीचा हा रासायनिक भाग पुष्कळदा विसरला जातो. ती रेणूला नुसती थांबवत नाही, मोडूनही टाकते.

तिसरा थर आणखी चिवट आहे. मेदात छान विरघळणारं औषध आत शिरतं, पण पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप असतात. ते पेशीतली ऊर्जा खर्चून त्या औषधाला परत रक्तात ढकलतात. कर्करोगाची कितीतरी औषधं मेंदूतल्या गाठीपर्यंत पुरेशी पोचत नाहीत त्यामागे हा पंप मोठ्या प्रमाणात असतो. १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये या पंपाचं जनुक काढलेल्या उंदरांना गोचिडीसारख्या किडींसाठी आयव्हरमेक्टिनची नेहमीची फवारणी केली आणि ते उंदीर दगावले. साध्या उंदरांना त्याच मात्रेने काही होत नव्हतं. जनुक नसलेल्यांच्या मेंदूत औषध कित्येक पटींनी साचलं होतं. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांमध्ये हाच पंप जन्मतः बिघडलेला असतो, म्हणून पशुवैद्य त्यांना आयव्हरमेक्टिन जपून देतात.

तर मग लेवोडोपा कसा जातो? मेंदूला ग्लुकोज आणि अमिनो आम्लं लागतातच, आणि तीही मेदात विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीत वाहक प्रथिनं बसवलेली आहेत. ल्युसिन, फेनिलअ‍ॅलॅनिन, टायरोसिन यांसारख्या मोठ्या अमिनो आम्लांना लॅट-१ नावाचा वाहक आत नेतो. लेवोडोपा हा रचनेने टायरोसिनचा सख्खा भाऊ आहे, त्याच्यावर फक्त एक हायड्रॉक्सिल गट जास्त. त्यामुळे लॅट-१ त्याला अमिनो आम्ल समजून आत घेतो. आत गेल्यावर डोपा डीकार्बोक्सिलेज हे विकर त्याचा एक कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि त्याचं डोपामिन होतं. आपल्याला जे हवं आहे ते भिंतीच्या पलीकडे, जागेवर तयार करून घ्यायचं, ही युक्ती.

अडचण अशी की हेच विकर आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरातही भरपूर असतं. नुसता लेवोडोपा दिला तर बहुतेक भाग वाटेतच डोपामिन होऊन बाहेर अडकतो. शंभरातला जेमतेम एक भाग मेंदूत पोचतो. म्हणून सुरुवातीच्या काळात रुग्णांना रोज काही ग्रॅम औषध घ्यावं लागे आणि ओकाऱ्यांनी ते हैराण होत. कार्बिडोपा त्या डीकार्बोक्सिलेज विकराला बंद पाडतो, पण स्वतः भिंत ओलांडत नाही. म्हणून बाहेरचा नाश थांबतो आणि मेंदूतलं रूपांतर चालू राहतं. कार्बिडोपा आत गेला असता तर त्याने मेंदूतलं विकरही बंद केलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. या जोडीमुळे लेवोडोपाची मात्रा साधारण तीन चतुर्थांशाने कमी करता आली.

इथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे, कारण घरोघरी नेमकी इथेच गडबड होते. आपल्याकडच्या गोळ्यांवर ११०, १२५, २७५ असे आकडे असतात. ती दोन्ही औषधांची बेरीज आहे. ११० म्हणजे लेवोडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम, १२५ म्हणजे १०० आणि २५, २७५ म्हणजे २५० आणि २५. शरीरातलं विकर पुरेसं बंद पाडायला दिवसाला सुमारे ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. समजा वडिलांना ११० ची गोळी दिवसातून तीनदा आहे. लेवोडोपा ३०० मिलिग्रॅम झाला, कार्बिडोपा मात्र ३०. विकर अर्धवट चालू राहतं, बाहेर डोपामिन तयार होतं, मळमळ सुटते, आणि वर औषध लागूही पडत नाही. तीच १२५ ची गोळी तीनदा घेतली तर लेवोडोपा तितकाच राहून कार्बिडोपा ७५ होतो. "गोळी सोसत नाही" म्हणून औषध बंद केलेल्या रुग्णांमध्ये हा आकडा आधी तपासावा. गोळी बदलायची ती मात्र तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनेच. औषधाच्या दुकानात ११० संपली म्हणून २७५ दिली असंही घडतं, तेव्हा प्रत्येक वेळी पाकिटावरचा आकडा वाचा.

काही घरांत खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण, म्हणजे कवचबीज, गोळीसोबत दिलं जातं. त्यात खरोखरच लेवोडोपा असतो, म्हणून त्याचा परिणाम दिसतो. पण कार्बिडोपा नसतो आणि प्रत्येक पुडीतलं प्रमाण वेगळं असतं. देत असाल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर मात्रेचा हिशोबच चुकतो.

मळमळीचा विषय निघालाच आहे तर तिच्यात भिंतीबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट आहे. मेंदूत काही जागा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या आहेत. त्यातली एक, एरिया पोस्ट्रेमा, मेंदूच्या तळाशी आहे. रक्तात विष आलं आहे का हे चाखून ओकारी घडवणं हे तिचं काम. चाखायचं तर भिंत नसलेलीच बरी. त्यामुळे बाहेर तयार झालेलं डोपामिन मेंदूत इतरत्र पोचलं नाही तरी या जागेला लागतं आणि ओकारी होते. त्यावर डोम्पेरिडोन चालतं, कारण ते या उघड्या जागेवर डोपामिनला अडवतं, पण पी-ग्लायकोप्रोटीनचे पंप त्याला मेंदूच्या आत फारसं जाऊ देत नाहीत. मेटोक्लोप्रामाइड मात्र भिंत ओलांडतं आणि नेमक्या ज्या भागात आपण डोपामिन पोचवायला धडपडतो तिथेच त्याला अडवतं. चक्करसाठी सर्रास लिहिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन, तसंच सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांचंही तेच. उलटी किंवा चक्कर म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर वडिलांना पार्किन्सन्स आहे हे तोंड उघडताच सांगा. असं औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत हालचाल अचानक मंदावली तर "आजार वाढला" असं ठरवण्याआधी ती नवी चिठ्ठी पाहा. डोम्पेरिडोनही वाटेल तितकं घ्यायचं नाही. हृदयाच्या ठोक्याची लय त्याने बिघडू शकते, म्हणून कमी मात्रेत, थोडे दिवस, आणि हृदयविकार असेल तर ईसीजी पाहूनच.

आता जेवण. लॅट-१ या वाहकाची क्षमता मर्यादित आहे, आणि रक्तात अमिनो आम्लं नेहमीच्या पातळीवर असतानाही तो जवळजवळ भरलेला असतो. डाळ-उसळ, दूध, पनीर, अंडी किंवा मासे खाल्ले की पुढचे काही तास रक्तात ल्युसिनसारखी अमिनो आम्लं वाढतात आणि त्याच दाराशी लेवोडोपाच्या पुढे रांग लावतात. आतड्यातही अशीच स्पर्धा असते, शिवाय भरल्या पोटी जठर हळू रिकामं होतं. मग खरा अडथळा कुठला, आतड्यातला की मेंदूतला? याचं उत्तर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात मिळालं. त्यांनी लेवोडोपा शिरेतून संथ धारेने दिला, म्हणजे आतड्याचा प्रश्नच उरला नाही. रुग्ण छान हलत होते. मग त्यांना जास्त प्रथिनांचं जेवण दिलं. रक्तातली लेवोडोपाची पातळी तशीच राहिली, तरी रुग्ण पुन्हा ताठरले. फेनिलअ‍ॅलॅनिन किंवा ल्युसिन दिल्यावर तसंच झालं. लॅट-१ ने न जाणारी ग्लायसिन आणि लायसिन दिली तर काहीच बिघडलं नाही. रक्तात औषध आहे आणि माणूस हलत नाही, याचा अर्थ रांग मेंदूच्या दाराशीच लागली होती.

म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर. घोटभर दुधाच्या चहाचा परिणाम कमी असतो, पण गोळी पेलाभर दुधासोबत गिळणं म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं तिच्या सोबतीला पाठवणं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर गोळीबरोबर एखादा खाकरा किंवा फळाची फोड चालते. लोहाची गोळी असेल तर ती लेवोडोपाला बांधून शोषणच कमी करते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रथिनं बंद मात्र करू नका. वजन उतरलेला, स्नायू गेलेला रुग्ण जास्त पडतो. ज्यांचा दुपारचा परिणाम जेवणानंतर हमखास जातो त्यांच्यासाठी वाटणी बदलतात. दिवसा भाकरी-भाजी, भात, उपमा, फळं असं हलकं, आणि डाळ, उसळ, दूध, अंडं यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात, कारण रात्री हालचाल कमी लागते. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेकांना याची गरजच पडत नाही. तेव्हा मेंदूत डोपामिन साठवणाऱ्या पेशी पुरेशा शिल्लक असतात आणि एखादी गोळी उशिरा पोचली तरी साठ्यावर निभावतं. साठा संपत गेला की प्रत्येक गोळीचं पोचणं जाणवायला लागतं.

वडिलांच्या बाबतीत काय होतंय हे ओळखायला तीन दिवस वही ठेवा. गोळीची वेळ, खाल्ल्याची वेळ आणि पदार्थ, अंग मोकळं कधी झालं, पुन्हा कधी जड झालं. सकाळची रिकाम्या पोटची गोळी पाऊण तासात लागते आणि दुपारची जेवणावर घेतलेली लागतच नाही, तर जेवण कारणीभूत आहे. सगळ्याच गोळ्या लागतात पण चार तासांऐवजी अडीच तासांत ओसरतात, तर तो साठा कमी झाल्याचा प्रकार आहे. तिथे जेवण बदलून फारसं साधत नाही, गोळ्यांमधलं अंतर किंवा औषधच बदलावं लागतं. सगळ्याच गोळ्या उशिरा लागत असतील आणि बद्धकोष्ठता तीव्र असेल, तर आधी पोटाकडे पाहायला हवं.

बाकीची औषधं काय करतात? बहुतेक झोपेची, फिट्सची आणि नैराश्याची औषधं पहिल्याच वाटेने जातात. ती छोटी, मेदात विरघळणारी आणि पंपाच्या तावडीतून सुटणारी असतात. खरी पंचाईत मोठ्या प्रथिनांची. त्यांना मेद जमत नाही आणि लॅट-१ सारखा वाहक पुरत नाही. पण मेंदूला लोहही लागतं, आणि लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला पकडून आत ओढणारे ग्राहक भिंतीवर असतात. औषधाला या ग्राहकाला चिकटणारी प्रतिपिंडाची शेपटी जोडली की पेशी त्याला फुग्यात घालून पलीकडे नेते. हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारावरचं असं एक विकर, पॅबिनाफस्प अल्फा, जपानमध्ये २०२१ मध्ये मंजूर झालं. यातली मेख अशी की चिकटण्याचा जोर जास्त झाला तर औषध पलीकडच्या बाजूला सुटतच नाही, पेशीतच अडकून मोडलं जातं. पकड मुद्दाम सैल ठेवली तेव्हा मेंदूत जास्त औषध पोचलं.

दुसरा मार्ग भिंत थोडा वेळ उघडण्याचा. मेंदूच्या रोहिणीत तीव्र मॅनिटॉल सोडून अस्तराच्या पेशी आकसवायच्या, म्हणजे शिवण सैल होते. हे काही मोजक्या केंद्रांत मेंदूच्या गाठींसाठी करतात. मेंदूची सूज उतरवायला वॉर्डात शिरेतून मॅनिटॉल देतात ते वेगळं. तिथे भिंत शाबूत असते म्हणूनच मॅनिटॉल रक्तात राहून मेंदूतलं पाणी खेचतो. अलीकडची पद्धत म्हणजे रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून कवटीबाहेरून अल्ट्रासाउंड एका ठिकाणी केंद्रित करणं. बुडबुडे थरथरतात आणि तेवढ्याच जागेची शिवण सैल होते. टोरांटोमध्ये अल्झायमरच्या पाच रुग्णांवर २०१८ मध्ये हे सुरक्षितपणे करून दाखवलं, आणि उघडलेली जागा २४ तासांत बंद झाली. उघड्या दारातून औषधासोबत रक्तातली नको ती प्रथिनंही आत येतात, म्हणून जागा छोटी आणि वेळ कमी ठेवावी लागते. कंपासाठी आपल्याकडे केला जाणारा केंद्रित अल्ट्रासाउंड मात्र भिंत उघडण्यासाठी नसतो. त्यात उष्णतेने मेंदूतला एक छोटा बिंदू जाळतात. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ दिसली तर हा फरक विचारून घ्या.

तिसरा मार्ग भिंतीला वळसा घालून थेट आत औषध सोडण्याचा, आणि तो पार्किन्सन्समध्येच चांगला तपासला गेला आहे. जीडीएनएफ हे डोपामिनच्या पेशींना जगवणारं प्रथिन. ते मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत नळीने सोडलं. ५० रुग्णांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. हालचालीत सुधारणा झाली नाही, उलट मळमळ आणि वजन घटणं वाढलं. प्रथिन पोकळीच्या कडेलाच अडकत होतं, आत खोलवर पोचत नव्हतं. मग नळी थेट पुटामेनमध्ये, म्हणजे हव्या त्याच भागात बसवली. पाच रुग्णांवरच्या पहिल्या प्रयत्नाने आशा वाटली, पण ३४ रुग्णांवरच्या काटेकोर तुलनेत सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. भिंत टाळली तरी मेंदूच्या ऊतीत मोठा रेणू नळीच्या टोकापासून काही मिलिमीटरच पसरतो. ६०० किलोमीटर केशवाहिन्या औषध प्रत्येक पेशीच्या शेजारी नेऊन ठेवतात, ते काम एका नळीला जमत नाही. म्हणून ५० वर्षांहून अधिक काळ लोटला तरी पार्किन्सन्समध्ये मुख्य औषध अजूनही तीच अमिनो आम्लाच्या रांगेतून जाणारी गोळी आहे.